तीस कोटींतले तेरा: एका खरेदीदार कंपनीच्या ताळेबंदाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातील एक लहान फाउंड्री दोघे भाऊ मिळून चालवतात. २०२३ च्या डिसेंबरात त्यांच्याकडे शेती अवजारांचे गिअरबॉक्स बनवणाऱ्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीची मोठी मागणी आली. दरमहा साधारण ४० लाख रुपयांची कास्टिंग्ज, म्हणजे जीएसटी धरून ४७ लाख, आणि बिलाचे पैसे ९० दिवसांनी, असा प्रस्ताव होता. हा व्यवहार सुरळीत चालला तरी कोणत्याही दिवशी फाउंड्रीचे सुमारे १ कोटी ४१ लाख रुपये त्या कंपनीकडे अडकलेले राहणार होते. फाउंड्रीचे स्वतःचे भांडवल २ कोटी १० लाख होते. एका ग्राहकाच्या भरवशावर आपल्या भांडवलाचा दोन तृतीयांश हिस्सा ठेवायचा का, हा प्रश्न घेऊन थोरले बंधू त्यांच्या कर सल्लागाराच्या कार्यालयात आले आणि ताळेबंद वाचण्याचे काम माझ्याकडे आले. ओळख पटू नये म्हणून पुढील आकडे थोडे बदलले असून त्यांचे परस्पर प्रमाण तेच ठेवले आहे.

खरेदीदार कंपनीच्या खरेदी विभागप्रमुखांनी आपल्या कंपनीची भक्कमता एका आकड्यात सांगितली होती. ‘आमचे कर्ज मालकांच्या पैशाच्या निम्मेही नाही.’ धाकट्या बंधूंना ते पटले होते. ‘दादा, बँक त्यांना साडेसव्वीस कोटी देते, मग आपण तीन महिन्यांची उधारी द्यायला का कचरायचं?’ असे त्यांचे म्हणणे होते. बँक देते हे खरे होते. पण बँकेकडे जमीन, यंत्रे, माल आणि येणी यांचे तारण होते. फाउंड्रीकडे केवळ बिल असणार होते.

समोर आलेला ताळेबंद

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसली तरी तिचे वार्षिक हिशेब सार्वजनिक असतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये शुल्क भरून तिने दाखल केलेली कागदपत्रे पाहता येतात. त्यांतील एओसी-४ या अर्जाला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, रोकड प्रवाह पत्रक आणि टिपा जोडलेल्या असतात. ३१ मार्च २०२३ चा ताळेबंद आम्ही तेथूनच घेतला. कंपनीने थेट पाठवलेल्या प्रतीत टिपांची पाने नव्हती, आणि या प्रकरणात जे काही कळले ते बहुतेक सर्व टिपांमधूनच कळले.

कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या परिशिष्टाने ताळेबंदाचा साचा ठरवून दिला आहे. पैसा कोठून आला हे त्याच्या पहिल्या अर्ध्या भागात क्रमाने येते. आधी भागधारकांचा निधी, मग दीर्घ मुदतीची देणी, मग चालू देणी. या कंपनीच्या त्या भागात पुढील रकमा होत्या.

| बाब | कोटी रुपये |
|---|---|
| भागभांडवल | ९.० |
| राखीव निधी व शिल्लक नफा | २१.० |
| दीर्घ मुदतीची कर्जे | १४.५ |
| स्थगित कर देयता | ०.५ |
| अल्प मुदतीची कर्जे | १७.५ |
| व्यापारी देणी (पुरवठादार) | २२.० |
| इतर चालू देणी व तरतुदी | ४.५ |
| एकूण | ८९.० |

पहिल्या दोन ओळींची बेरीज ३० कोटी होते. वरवर पाहता ८९ कोटींपैकी एक तृतीयांश पैसा मालकांचा होता. खरेदी विभागप्रमुखांचा ‘निम्मेही नाही’ हा आकडा दीर्घ मुदतीच्या १४.५ कोटींना या ३० कोटींनी भागून आला होता: ०.४८. त्यात अल्प मुदतीची १७.५ कोटींची कर्जे धरलेलीच नव्हती. २०२१ पासून कंपन्यांना काही गुणोत्तरे टिपांमध्ये स्वतःच छापावी लागतात आणि त्यांत कर्ज-भांडवल गुणोत्तरही येते. तेथे या कंपनीने एकूण ३२ कोटी कर्ज धरून १.०७ असा आकडा दिला होता. म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या छापील हिशेबानेच तोंडी सांगितलेला आकडा दुपटीहून अधिक चुकीचा ठरत होता.

खरी अडचण

१.०७ हा आकडा वाईट नाही. कारखानदारी कंपनीसाठी बँकाही तो सहज स्वीकारतात. त्यावर थांबलो असतो तर ९० दिवसांची उधारी द्यायला हरकत नाही असेच म्हणावे लागले असते. पण त्याच टिपेत मागील वर्षाचे गुणोत्तर १.९६ होते. एखादे गुणोत्तर २५ टक्क्यांहून अधिक बदलले तर त्याचे स्पष्टीकरण देणे बंधनकारक आहे. कंपनीचे स्पष्टीकरण एका ओळीचे होते: मालमत्तेचे पुनर्मूल्यांकन आणि कर्जाची परतफेड. ही दोन्ही कारणे तपासल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता, कारण एका वर्षात कंपनीचा नफा जेमतेम ५० लाख असताना मालकांचा निधी १८.५ कोटींवरून ३० कोटींवर गेला होता.

राखीव निधीची टीप उघडली तेव्हा २१ कोटींचे तीन तुकडे दिसले: शेअर दर्शनी किमतीहून जास्त भावाने विकून आलेला सिक्युरिटीज प्रीमियम २ कोटी, साठलेला नफा ८ कोटी आणि पुनर्मूल्यांकन राखीव ११ कोटी. कारखान्याच्या जमिनीची किंमत त्याच वर्षी वाढवून लिहिली होती आणि ती नोंदणीकृत मूल्यांककाच्या अहवालावर आधारलेली आहे असे टिपेत म्हटले होते. त्यात बेकायदा काहीच नव्हते. मात्र मालमत्तेच्या बाजूला ११ कोटी आणि मालकांच्या बाजूला ११ कोटी अशी नोंद झाली, तरी कंपनीत एक रुपयाही आला नाही. म्हणूनच कंपनी कायद्याच्या कलम २(५७) मधील निव्वळ मत्तेच्या व्याख्येत अशी राखीव रक्कम धरायची नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. जमीन आधीच बँकेकडे गहाण होती, त्यामुळे वाढलेल्या किमतीचा आधार मिळालाच तर तो बँकेला मिळणार होता.

भागभांडवलाच्या ९ कोटींचीही हीच तऱ्हा होती. त्यांतले ३ कोटी साध्या इक्विटी शेअरचे आणि ६ कोटी एका बाहेरच्या गुंतवणूकदाराकडील ९ टक्क्यांच्या प्रेफरन्स शेअरचे होते. हे शेअर जुलै २०२४ मध्ये दर्शनी किमतीने परत करायचे होते आणि त्यांचा लाभांश साठत जाणारा होता. दोन वर्षांचा १.०८ कोटींचा लाभांश थकल्याचे टिपेत लिहिले होते. ठरलेल्या तारखेला परत द्यायची आणि ठरलेल्या दराने मोबदला मागणारी रक्कम नावाने शेअर असली तरी स्वभावाने कर्जच असते. नव्या भारतीय लेखामानकांखाली, म्हणजे ‘इंड एएस’खाली, ती देण्यांतच दाखवावी लागते. ही कंपनी जुन्या लेखामानकांवर हिशेब ठेवत होती, त्यामुळे ती भागभांडवलात बसली होती.

११ आणि ६ वजा केल्यावर ३० कोटींतले १३ उरले.

निर्णयाचे पहिले वळण: कर्ज किती धरायचे

मालकांचा पैसा कमी झाल्यावर कर्जाची बाजूही नव्याने मांडावी लागली. बँकेच्या मुदत कर्जाचे ९ कोटी दीर्घ मुदतीत आणि त्याच कर्जाचे वर्षभरात फेडायचे ४.२ कोटी अल्प मुदतीत होते. २०२१ च्या बदलानंतर हा हप्त्यांचा भाग अल्प मुदतीच्या कर्जांत वेगळा दिसतो, त्यामुळे तो सापडायला त्रास झाला नाही. त्याआधीच्या वर्षांचे ताळेबंद पाहणाऱ्यांनी मात्र तो ‘इतर चालू देणी’मध्ये शोधावा, नाहीतर कर्ज कमी भरते. कॅश क्रेडिटचे, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवे तेव्हा उचलता येणाऱ्या बँकेच्या कर्जाचे, १३.३ कोटी होते आणि संचालकांकडून घेतलेले ५.५ कोटी. ही झाली ३२ कोटी. त्यात प्रेफरन्स शेअरचे ६ मिळवले की ३८.

आता चित्र असे झाले. पुनर्मूल्यांकन वगळून कंपनीत ७८ कोटी गुंतले होते. त्यांपैकी मालकांचे १३, परतफेडीची अट असलेले ३८, पुरवठादारांचे २२ आणि उरलेले ५ ग्राहकांच्या आगाऊ रकमा, कर वगैरे. एक तृतीयांश नव्हे, एक षष्ठांश. कर्ज-भांडवल गुणोत्तर २.९२.

पुरवठादारांच्या २२ कोटींतही एक खाच होती. टिपेनुसार त्यांतले ६ कोटी एलसीखाली, म्हणजे बँकेच्या पतपत्राखाली, स्वीकारलेल्या बिलांचे होते. अशा बिलांत पुरवठादाराला पैसे बँक देते आणि कंपनीने मुदतीच्या दिवशी ती रक्कम खात्यात ठेवायची असते. ती ठेवली नाही तर देणे तत्क्षणी बँकेचे कर्ज होते; बँकेच्या बोलीत एलसी ‘डिव्हॉल्व्ह’ होते. काही विश्लेषक ही रक्कम कर्जातच धरतात. तशी धरली तर गुणोत्तर ३.३८ होते. आम्ही ती पुरवठादारांतच ठेवली, परंतु फाउंड्रीच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा लिहून ठेवला: ज्या मोठ्या पोलाद पुरवठादारांना ही कंपनी नीट ओळखीची होती, ते बँकेच्या हमीशिवाय तिला माल देत नव्हते.

निर्णयाचे दुसरे वळण: संचालकांचे ५.५ कोटी कोणाचे

सर्वांत अधिक चर्चा या रकमेवर झाली. भारतीय खासगी कंपन्यांत मालक शेअर घेण्याऐवजी कंपनीला कर्ज देतात, कारण ते काढून घेणे सोपे असते. बँकेने अशी रक्कम बँकेचे कर्ज फिटेपर्यंत न काढण्याचे हमीपत्र घेतले असेल, तर बँकेचे अधिकारी ती भांडवलासारखीच मोजतात. तसे इथे मोजले तर मालकांचे १८.५ कोटी, कर्ज ३२.५ कोटी आणि गुणोत्तर १.७६ येते. २.९२ आणि १.७६ यांच्यात उधारी देण्या-न देण्याइतका फरक आहे.

टिपेत एवढेच लिहिले होते: ‘बिनव्याजी, परतफेडीच्या अटी ठरलेल्या नाहीत.’ कंपनीच्या लेखापालांनी फोनवर सांगितले की ही रक्कम भांडवलासारखीच आहे, ती कोणी हलवत नाही. हे खरे की खोटे ते ठरवायला हमीपत्राची गरज पडली नाही. शेजारचा मागील वर्षाचा स्तंभ पुरला. मार्च २०२२ मध्ये हीच रक्कम ७.८ कोटी होती. वर्षभरात २.३ कोटी संचालकांनी काढून घेतले होते आणि रोकड प्रवाह पत्रकाच्या वित्तपुरवठ्याच्या भागात ती परतफेड स्पष्ट दिसत होती.

मागील वर्षाशी तुलना सुरू केली तेव्हा ‘कर्जाची परतफेड’ या स्पष्टीकरणाचाही उलगडा झाला. एकूण कर्ज ३६.२ कोटींवरून ३२ कोटींवर आले होते, हे खरेच होते. मुदत कर्जाचे ४.२ कोटी फिटले, संचालकांचे २.३ कोटी गेले आणि कॅश क्रेडिट ११ वरून १३.३ कोटींवर चढले. तारण नोंदणीच्या कागदपत्रांत कॅश क्रेडिटची मर्यादा १३.५ कोटी होती, म्हणजे वर्षअखेरीस तिथे २० लाखांचीच जागा उरली होती. याच वर्षात पुरवठादारांची देणी १८.५ वरून २२ कोटींवर गेली. घसाऱ्याची रक्कम रोखीत हाती राहिली असेल हे मान्य करूनही, संचालकांनी काढलेला पैसा कॅश क्रेडिटमधून आणि पुरवठादारांना थांबवून उभा राहिला, असेच या रकमा एकत्र वाचताना दिसते. व्याजाच्या कर्जाची जागा बिनव्याजी उधारीने घेतली की कर्ज-भांडवल गुणोत्तर सुधारते, कारण पुरवठादार त्या गुणोत्तरात मोजलेच जात नाहीत. आणि फाउंड्रीला बोलावले होते ते याच न मोजल्या जाणाऱ्या रांगेत उभे राहायला.

म्हणून संचालकांचे ५.५ कोटी कर्जातच ठेवले.

वर्षअखेरचा दिवस आणि उरलेले वर्ष

ताळेबंद एका दिवसाचा असतो. त्या दिवशीचे कर्ज वर्षभराच्या कर्जाचे प्रतिनिधी आहे का, हे व्याजावरून ढोबळपणे तपासता येते. बँकेचे कर्ज वर्षाच्या सुरुवातीला २८.४ कोटी आणि अखेरीस २६.५ कोटी होते, सरासरी सुमारे २७.५. तारणाच्या कागदांतील दर १०.५ टक्के धरला तर व्याज २.९ कोटींच्या आसपास हवे. नफा-तोटा पत्रकात वित्तीय खर्च ३.७ कोटी होता. संभाव्य देण्यांच्या टिपेत बँकेकडे वटवलेली ३ कोटींची विक्री बिले होती. ग्राहकाने पैसे दिले नाहीत तर ती कंपनीवर परत येतात, पण ताळेबंदाच्या मुख्य आकड्यांत ती दिसत नाहीत. त्यांचे व्याज सुमारे ३० लाख, एलसीचे आणि इतर बँक शुल्क २० ते २५ लाख धरले, तरी पाव कोटीचा खुलासा होत नव्हता. वर्षाच्या मध्यात बिले वटवणे मार्चअखेरच्या जवळपास दुप्पट असावे, असा आमचा अंदाज होता. तो अंदाजच होता, आणि निर्णय त्यावर टेकवला नाही.

विचारात घेतलेले पर्याय

मागणी नाकारणे हा पहिला पर्याय थोरल्या बंधूंनाच नको होता. फाउंड्रीच्या भट्टीची निम्मी क्षमता रिकामी होती आणि हा ग्राहक बुडायला टेकलेला नव्हता. नफा थोडा असला तरी होता.

दुसरा पर्याय ट्रेड्स या बिल-वटवणी व्यवस्थेचा होता. तिथे बँक खरेदीदाराची पत पाहून लहान पुरवठादाराचे बिल लगेच वटवते आणि खरेदीदाराने पैसे बुडवले तर पुरवठादाराकडे परत येत नाही. फाउंड्रीसाठी हे सर्वांत चांगले झाले असते. कंपनीने नोंदणी करायला नकार दिला. तिच्या उलाढालीच्या आकाराला ती सक्तीची नव्हती, आणि ट्रेड्सवर थकबाकी करणे पुरवठादाराला थांबवण्याइतके सोपे नसते.

तिसरा पर्याय मुदत आणि रक्कम दोन्ही कमी करण्याचा. फाउंड्रीची उद्यम नोंदणी होती. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ च्या कलम १५ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी कराराने ठरवलेली मुदतही ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते. ९० दिवसांचा करार कागदावर केला तरी कायद्यासमोर तो टिकला नसता. अर्थात चालू ग्राहकाविरुद्ध हे व्याज मागणारा लघुउद्योजक मला क्वचितच भेटला आहे.

काय केले

तिसरा पर्याय निवडला. ४५ दिवसांची मुदत, येणे बाकी ५० लाखांच्या वर जाणार नाही, सर्वांत जुने बिल ६० दिवसांचे झाले की पुढची गाडी सुटणार नाही, आणि कास्टिंगचा साचा बनवायला लागणाऱ्या नव्या पॅटर्नचा १८ लाखांचा खर्च कंपनीने आगाऊ द्यायचा. पॅटर्नची अट महत्त्वाची होती, कारण ते दुसऱ्या कोणत्याही ग्राहकाला उपयोगी पडत नाहीत. तो खर्च दरात मिसळला असता तर तीही एक न दिसणारी उधारी झाली असती. कंपनीने अटी मान्य केल्या, पण मागणी निम्म्यावर आणली आणि उरलेली ९० दिवस थांबायला तयार असलेल्या दुसऱ्या फाउंड्रीला दिली.

परिणाम

२०२४ च्या जुलैपर्यंत बिले ४० ते ५० दिवसांत चुकती होत राहिली. जुलैत प्रेफरन्स शेअरची तारीख आली. शेअर परत केल्याची एसएच-७ ही सूचना दाखल झाली ती ६ पैकी २ कोटींचीच. उरलेल्यांसाठी गुंतवणूकदाराशी मुदतवाढीची बोलणी सुरू असल्याचे कंपनीने सांगितले. त्यानंतर देयके लांबू लागली. सप्टेंबरात सर्वांत जुने बिल ६० दिवसांचे झाले आणि ४८ लाख बाकी असताना फाउंड्रीने गाडी थांबवली. ती बाकी डिसेंबरपर्यंत हप्त्याहप्त्याने आली, व्याजाशिवाय. भांडवलाचा चौथा हिस्सा तीन महिने अडकला. मूळ प्रस्ताव स्वीकारला असता तर दोन तृतीयांश अडकला असता आणि फाउंड्रीचे स्वतःचे कॅश क्रेडिट त्याआधीच संपले असते. दुसऱ्या फाउंड्रीलाही तिचे पैसे मिळाले, आणखी उशिरा, पण तिने वर्षभर जास्त माल विकला. तिचे स्वतःचे भांडवल मोठे होते, आणि तेवढ्या बळावर तिचा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही.

२०२५ च्या सुरुवातीला बँकेच्या आग्रहावरून संचालकांनी उरलेल्या कर्जांतले ४ कोटी इक्विटी शेअरमध्ये बदलले. नवा रुपया आला नाही, पण ते ४ कोटी आता सहज काढता येणार नव्हते. १३ ऐवजी सुमारे १७ कोटी धरून फाउंड्रीने मर्यादा ५० वरून ६० लाख केली. मुदत ४५ दिवसांचीच ठेवली.

वेगळे काय करता आले असते

डिसेंबरात आपण मार्चचा, म्हणजे नऊ महिने जुना ताळेबंद वाचत होतो. बँकेला दर महिन्याला जाणारे साठा व येण्यांचे विवरण कंपनीकडून मागणे शक्य होते. मागणी मोठी असल्याने वाटाघाटीत ते मान्यही झाले असते. त्यावरून कॅश क्रेडिटमध्ये किती जागा उरली आहे हे जुलैच्या आधी कळले असते. शिवाय प्रेफरन्स शेअरची तारीख आम्हाला आधीपासून माहीत होती. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांपुरती मर्यादा ३० लाखांवर आणण्याची अट मूळ करारातच घालता आली असती. धाकट्या बंधूंचे मत अजून वेगळे आहे. त्यांच्या मते तेव्हा तेवढी अट घातली असती तर निम्मी मागणीही हातची गेली असती, आणि हा मुद्दा ताळेबंदावरून सुटणारा नाही.